टेप न लावता बसलेला फ्रॉक

प्रश्न: माझ्या आजीला घरातल्या प्रत्येकाचे माप तोंडपाठ आहे. दिवाळीचे कपडे ती अजून स्वतः शिवते आणि टेप क्वचितच बाहेर काढते. हे सगळे तिच्या लक्षात कसे राहते? तिच्याकडून मापे वहीत उतरवून घ्यावीत, की सगळ्यांची टेपने नव्याने घ्यावीत?

उत्तर:

वही जरूर करा. मात्र तिच्यात नुसते आकडे लिहिलेत तर पुढच्या दिवाळीपर्यंत ती वही निरुपयोगी झालेली असेल. हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण आमच्या घरात नेमक्या याच गोष्टीवरून माझ्या आजीचा आणि धाकट्या काकांचा वाद झाला होता, आणि आजी गेल्यानंतर काकांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ झाले, आजीच्या बाजूने बोलणारी मी एकटी उरले. मी आता लहान मुलांचे कपडे आणि ब्लाऊज शिवून देण्याचे काम करते, त्यामुळे आजी नेमके काय करत होती हे मला तेव्हापेक्षा आज अधिक स्पष्टपणे सांगता येते.

आजी इचलकरंजीला राहत असे. गावात मागांचा धंदा, त्यामुळे पॉपलीन आणि केंब्रिक ताग्यातून स्वस्तात मिळे. पितृपक्षात ती नवे कापड घरात येऊ देत नसे. घटस्थापना झाली की खरेदी, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर प्रत्येकाच्या अंगावर तिने शिवलेला कपडा, असा तिचा हिशेब होता. नातींना फ्रॉक किंवा परकर-पोलके, नातवांना सदरा-चड्डी, आजोबांना बंडी, माझ्या वडिलांना लेंगा. आणलेले कापड ती रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कापायला घेई, कारण कोऱ्या सुती कापडातली खळ पहिल्या धुण्यात निघून गेली की कापड आटते आणि बेतलेली लांबी इंचभर तरी कमी होते. ही एक पायरी गाळली तर पुढची सगळी मापे बरोबर असूनही कपडा फसतो, म्हणून ती आधी सांगितली.

आता लक्षात ठेवण्याबद्दल. लोकांना वाटते की तिच्या डोक्यात प्रत्येकाची दहा-बारा मापे होती. तसे नव्हते आणि तुमच्या आजीचेही तसे नसणार. लहान मुलाच्या कपड्यासाठी ती प्रत्यक्षात छाती, उंची आणि खांदा एवढी तीनच मापे धरून ठेवत असे; बाकीची छातीवरून निघतात. छाती 24 इंच असेल तर तिचा चौथा भाग 6, त्यात ढिलाईचा 1 इंच मिळवून 7, म्हणजे फ्रॉकचा घेर छातीवर 28. मुंढा चौथ्या भागातून अर्धा इंच कमी करून साडेपाच, गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी म्हणजे 2. शिलाईची माया वेगळी. हे गणित कोणत्याही जुन्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात असते आणि ती ते मोजतही नाही, खडू आपोआप तिथे थांबतो.

मात्र या गणिताने शिवलेला कपडा कोणालाच पूर्ण बसत नाही, कारण प्रत्येक शरीर त्या गणितापासून कुठेतरी दूर गेलेले असते. आजीचे खरे पाठांतर इथे होते. माझ्या आत्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जवळपास अर्धा इंच उतरलेला होता. माझ्या लहानपणी माझे पोट पुढे होते, त्यामुळे कोणताही फ्रॉक समोरून वर उचलला जाई. आजी माझ्या फ्रॉकची समोरची उंची मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवत असे. आजोबांच्या पाठीला पोक येऊ लागले तेव्हा त्यांच्या बंडीची मागची बाजू वर चढते आहे आणि पुढची खाली लोंबते आहे हे तिने घरातल्या कोणाच्याही आधी पाहिले, आणि त्या वर्षीपासून पाठीला इंचभर वाढवून समोरून थोडे कमी केले. ती कधी ‘त्यांची पाठ सोळा’ असे म्हणत नसे. ‘यांना मागून इंचभर जास्त लागते’ असे म्हणत असे. छाती वर्षाला बदलते, पण माणसाची अशी खोड वर्षानुवर्षे तीच राहते किंवा सावकाश वाढत जाते, म्हणून ती लक्षात ठेवणे शक्य होते आणि उपयोगीही असते.

शिवाय ती वर्षभर ही माहिती ताजी करत असे. घरातले वाळलेले कपडे घडी करण्याचे काम तिने कोणालाही दिले नाही. सदऱ्याची काखेतली शिवण उसवली म्हणजे मुंढा घट्ट झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाचे काज ताणून लांबट झाले म्हणजे छाती भरली. चड्डीचा मागचा जोड पुन्हापुन्हा सुटतो म्हणजे बैठक कमी पडते आहे. हे सगळे घडी करता करता तिच्या बोटांना कळत असे. बाहेरच्या माणसाला जी स्मरणशक्ती वाटते, तिच्यातला मोठा भाग असा रोजच्या पाहण्याचा असतो.

ज्या प्रसंगावरून वाद झाला तो सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

धाकटे काका मुंबईला नोकरीला होते. त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत ते गावी येऊ शकले नव्हते, म्हणजे आजीने तिला आदल्या दिवाळीनंतर पाहिलेलेच नव्हते. काकांनी फ्रॉकसाठी पत्रातून मापे कळवली: छाती 26, उंची 25, कंबर 25. काका अभियंता आहेत आणि मोजमापाच्या बाबतीत स्वतःवर त्यांचा फार विश्वास आहे. पत्र मी वाचून दाखवले. आजीने एकदा ऐकले आणि म्हणाली, “सव्वीस होणार नाही. गेल्या वर्षी तेवीस होती. या वयात वर्षाला इंचभर वाढते, फार तर दीड. तीन इंच कुठून आले?”

मग रात्री नऊनंतर, एसटीडीचे दर उतरल्यावर, आम्ही शेजारच्या बूथवरून काकूंना फोन लावला. आजीने काकूंना टेप आणायला सांगितले नाही. गेल्या दिवाळीचा फ्रॉक मुलीच्या अंगात घाला असे सांगितले. तो फ्रॉक आजीच्याच हातचा होता, म्हणून त्याचे प्रत्येक माप तिला ठाऊक होते: छातीवर घेर 27, आणि त्याची कड गेल्या वर्षी गुडघ्याच्या खाली दोन बोटे येत होती. आता ती कुठे येते, असे तिने विचारले. काकू म्हणाल्या, बरोबर गुडघ्यावर. दोन बोटे म्हणजे दीड इंच. उंचीतली वाढ कळली. मग तिने सांगितले की मुलीला हात खाली सोडू दे आणि काखेखाली दोन्ही बाजूंनी सैल राहिलेले कापड चिमटीत धर. गेल्या वर्षी एका बाजूला चिमटीत इंचभर येत होते. काकूंनी चिमटीला मोजपट्टी लावून सांगितले, पाऊण. चिमटीत कापड दुहेरी असते, म्हणजे एका बाजूला दीड, दोन्ही बाजूंचे मिळून तीन इंच सैल, फ्रॉक सत्तावीसचा, म्हणजे छाती 24. शेवटचा प्रश्न खांद्याचा होता: बाहीचा जोड खांद्याच्या हाडावर येतो की गळ्याकडे सरकला आहे? काकू म्हणाल्या, थोडासा आत आला आहे. आजीने दोन्ही बाजूंना पाव पाव इंच वाढवायचे ठरवले आणि फोन ठेवला.

काकांचा सव्वीस कुठून आला, हेही तिने मला तेव्हाच समजावून सांगितले. त्यांनी मुलीच्या शाळेच्या गणवेशावरूनच टेप लावली असणार आणि घट्ट होऊ नये म्हणून टेपच्या आत दोन बोटे घातली असणार. आत बोटे घालून घेतलेल्या मापात ढिलाई आधीच मिसळलेली असते. शिवणारी बाई त्यात पुन्हा चार इंच ढिलाई मिळवते, आणि कपडा दोनदा सैल होतो. सव्वीस धरून फ्रॉक तीसचा झाला असता, खांदे दंडावर उतरले असते आणि गळा पुढे झुकला असता. माझ्या कामात आज मला येणाऱ्या चुकीच्या मापांपैकी बहुतेक याच प्रकारची असतात. घरच्या माणसाने प्रेमाने घेतलेले माप सैल असते आणि स्वतःचे स्वतः घेतलेले माप घट्ट असते, हे मी आता गृहीतच धरते.

आजीने चोवीसची छाती धरून अठ्ठावीसचा फ्रॉक कापला. उंची तिने दोन इंच वाढवली: दीड इंच वाढ झालेली, आणि अर्धा इंच पुढच्या वर्षासाठी, शिवाय कडेला आत दोन इंच दुमड ठेवली. बाजूच्या शिवणींत एक एक इंच माया सोडली. काका दिवाळीसाठी गावी आले, तेव्हा पाठवलेली मापे वापरलीच नाहीत हे कळल्यावर ते बरेच चिडले. मी लेखी आकडा दिला असताना तुम्ही फोनवर अंदाज कशाला बांधत बसलात, असे ते सगळ्यांसमोर म्हणाले. नरक चतुर्दशीच्या पहाटे फ्रॉक मुलीला घातला आणि तो बसला. खांद्याचा जोड हाडावर आला, काखेखाली चिमटीत दुहेरी कापड इंच इंच आले, कड गुडघ्याखाली आली. काका म्हणाले, योगायोग आहे.

मला हा शब्द आजही लागतो. आजीने तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरे घेतली, ती आपल्याला माहीत असलेल्या कपड्याशी ताडली आणि मिळालेला आकडा मुलाच्या वाढीच्या वेगाशी पडताळून पाहिला. काकांनी एकदा टेप लावली आणि आलेल्या आकड्याला कोणताही प्रश्न विचारला नाही. या दोघांपैकी अंदाज कोणाचा होता, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे. टेप हातात असणे आणि मोजता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाईने डोक्यात केलेले गणित कागदावर दिसत नाही म्हणून त्याला अंदाज म्हणायचे, हे मला मान्य नाही.

पुढच्या वर्षी काकांनी रीतसर रकाने आखून वही केली. मे महिन्यात सगळे जमले असताना त्यांनी सर्वांची मापे घेतली आणि वही आजीच्या मशीनपाशी ठेवली. वहीत तारीख नव्हती. माप कशावरून घेतले, बोटे घालून की टेप अंगाला टेकवून, याची नोंद नव्हती. उंची कुठून कुठपर्यंत, खांद्याच्या टोकापासून की मानेच्या हाडापासून, हेही नव्हते. आत्याच्या उतरलेल्या खांद्यासाठी आणि आजोबांच्या पोकासाठी तर रकानाच नव्हता. मे ते ऑक्टोबर या काळात लहान मुले वाढतात, पावसाळ्यात कोणी आजारी पडून उतरते, आणि वही मात्र होती तिथेच राहते. काकूंनी त्याच वहीवरून त्या वर्षी मुलीचे पोलके मुंबईच्या एका शिंप्याकडून शिवून घेतले. ते दंडात इतके घट्ट झाले की मुलीला हात वर करता येईना. शिंप्याचा त्यात दोष नव्हता, त्याने मिळालेल्या आकड्याप्रमाणेच शिवले होते.

म्हणून तुमच्या आजीकडून लिहून घ्यायचेच असेल तर तिला ‘कोणाची छाती किती’ असे विचारू नका. असे विचारले की ती गोंधळेल, किंवा तुम्हाला बरे वाटावे म्हणून गेल्या वर्षीचा आकडा सांगेल. तिच्या हातात तिने शिवलेला गेल्या वर्षीचा कपडा द्या आणि यंदा यात काय बदलणार असे विचारा. ती जे सांगेल ते तसेच्या तसे, तिच्याच शब्दांत लिहा: बाहीला बोटभर, मागून इंचभर, गळा एवढा खोल नको. मग त्या कपड्याला सपाट पृष्ठभागावर टेप लावा, सुरकुत्या काढून, आणि ती मापे तारखेसह लिहा. कपडा टेपखाली हलत नाही, पोट आत घेत नाही आणि श्वास रोखून धरत नाही, त्यामुळे त्याचे माप कोणीही घेतले तरी तेच येते. ब्लाऊज शिवायला गेलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. गळ्यात टेप अडकवून बसलेला शिंपीसुद्धा आधी मापाचा ब्लाऊज मागतो.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: कोणत्या कपड्यात किती माया सोडली आहे आणि कुठे. ही माहिती तुमच्या आजीशिवाय कोणालाच नसेल. माझी आजी नातींच्या परकराला कडेच्या वर दोन टक घालत असे, प्रत्येक टक इंचभर खोल. इंचभर टकात दोन इंच कापड जाते, म्हणजे दोन टकांत चार इंच लांबी राखून ठेवलेली. आठ वर्षांच्या मुलीचा परकर कमरेपासून घोट्यापर्यंत 29 इंच असेल, तर ती नेफा आणि कडेची दुमड सोडून 33 इंच कापड घेई. पुढच्या दिवाळीला एक टक उसवला की दोन इंच मोकळे होतात. एवढी वाढ सहसा पुरते, कारण मुलगी वर्षाला दोन-अडीच इंच वाढली तरी त्यातली सगळी वाढ पायांत होत नाही. घेर ती कमरेच्या तिप्पट धरत असे, म्हणून वर्षभराने कंबर वाढली तरी नाडीने भागत असे. जुन्या साडीचा परकर असेल तर काठच कडेचे काम करतो आणि टक काठाच्या वर घालावे लागतात. उसवल्यावर तिथे जुन्या टीपेची रेघ दिसते, म्हणून ती त्या रेघेवर लेस लावत असे. असा कपडा शिवला की दुसऱ्या वर्षी माप आठवण्याची गरजच उरत नाही, कोणता टक शिल्लक आहे एवढेच आठवावे लागते.

आता काही ठिकाणी हे चालत नाही, तेही सांगायला हवे. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की वर्षाला इंचभराचे गणित कोसळते. माझ्या भावाची विजार आजीने एका दिवाळीला तीन इंच दुमड ठेवून शिवली होती आणि होळीपर्यंत ती सगळी दुमड सोडावी लागली. मुली अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की आजी स्वतःच टेप काढत असे, दार लावून आणि बनियनवरून, आणि त्या वयात आठवणीवर शिवायला साफ नकार देत असे. अंगाबरोबर बसणारा कटोरी ब्लाऊज तिने कधीही नुसत्या आठवणीने कापला नाही, कारण तिथे ढिलाई जवळजवळ नसते आणि पाव इंचाची चूकही लगेच दिसते. घरात नव्याने आलेल्या सुनेचे तर काहीच गृहीत धरू नये. बाळंतपण किंवा मोठे आजारपण झालेल्या माणसाचे जुने माप सोडून द्यावे. आणि जुना कपडा तयार घेतलेला असेल तर चिमटीचा प्रयोग तितका बिनचूक होत नाही, कारण घडी घातलेला कपडा टेपने मोजला तरी तो आधी अंगावर किती सैल होता हे तुम्हाला माहीत नसते.

तेव्हा टेपने सगळ्यांची नव्याने मापे घेण्याबद्दल माझे मत असे: वाढत्या वयाच्या मुलांची आणि ब्लाऊजसाठी बायकांची घ्या, दिवाळीच्या महिनाभर आधी घ्या, एकच पातळ कपडा अंगात ठेवून घ्या, आत बोटे घालू नका आणि ढिलाई शिवणाऱ्या हातावर सोपवा. बाकीच्यांसाठी तुमच्या आजीचे ऐका. तिने सांगितलेला आकडा आणि टेपचा आकडा यांत दीड इंचापेक्षा जास्त फरक आला, तर आधी टेप पुन्हा लावा, आणि ती लावायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझे काका हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एवढेच सांगते की तो फ्रॉक त्यांच्या मुलीने पुढच्या दिवाळीपर्यंत वापरला, नंतर आजीने बाजूची माया उसवून आणि कड सोडून तो पुन्हा बेतून दिला, आणि तेव्हाही तिने मुलीची छाती मोजायला कोणालाच सांगितले नव्हते.